रस्त्यावरच्या शूटिंगसाठी पोलिसांना पत्र

मित्रा, शूटिंगच्या परवानगीसाठी पोलिसांना लिहिलेल्या तुझ्या अर्जाच्या मसुद्यात कथानकच फार आहे. अर्ज वाचणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की रस्ता अडेल का आणि गर्दी जमेल का. म्हणून तू शूटिंग करणार ती गल्ली ज्या ठाण्याच्या हद्दीत येते, तिथल्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लिही. 'सदाशिव पेठेत शूटिंग' असं मोघम नको. कोणत्या चौकापासून कोणत्या दुकानापर्यंत, रविवारी सकाळी ६ ते ९, माणसं आठ, एक कॅमेरा ट्रायपॉडवर, जनरेटर नाही, गाड्या कुठे लावणार, हे सगळं येऊ दे. जागेवर हजर असणाऱ्या एकाचा मोबाईल नंबरही दे.

तुझ्या प्रसंगात हवालदाराचा गणवेश आणि खोटं पिस्तूल आहे, ते मुद्दाम वेगळ्या ओळीत लिही. लपवलंस आणि कुणी घाबरून फोन केला, तर काम तिथेच थांबेल.

वाहतूक वळवायची असेल तर वाहतूक शाखेला वेगळा अर्ज लागतो. फुटपाथवर सामान मांडणार असशील तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयालाही. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे, पण तो फक्त पोच असतो. सहीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कलाकारांना बोलावू नकोस.