नोटीस बायआउट: मॅनेजरला काय लिहायचं

नोटीसचे उरलेले दिवस काम न करता त्यांचे पैसे कंपनीला भरून लवकर सुटणं म्हणजे बायआउट. "सर, बायआउट होईल का?" असं चॅटवर विचारलंत तर उत्तर बहुधा "बघू" येतं, कारण मॅनेजरकडे वर पाठवायला काहीच नसतं. आधी नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम वाचा. पैसे भरून सुटणं हा तुमचा हक्क आहे की कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि वसुली बेसिकवर होते की ग्रॉसवर, हे तिथेच कळतं. फरक मोठा पडतो.

समजा, नोटीस ९० दिवसांची आहे, राजीनामा १ जूनला दिलाय आणि १५ जुलैला सुटायचंय. म्हणजे ४५ दिवस उरतात. महिन्याचा बेसिक ४०,००० असेल तर ६०,००० रुपये, ग्रॉस ९०,००० असेल तर १,३५,०००. हा आकडा एचआरकडून लेखी घ्या.

पण मॅनेजरची खरी अडचण पैशांची नसते, कारण ते त्याच्या टीमला मिळत नाहीत. त्याला तुमचं काम कोण बघणार याची चिंता असते. म्हणून मेलचा मोठा भाग हँडओव्हरला द्या: कोणतं मॉड्यूल कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि शेवटचा आठवडा तो सहकारी एकट्याने काम करील व तुम्ही फक्त शंका सोडवाल. शेवटी नेमकी मागणी लिहा:

"माझा शेवटचा दिवस १५ जुलै धरावा आणि उरलेल्या ४५ दिवसांची रक्कम फुल अँड फायनलमधून वळती करावी, ही विनंती. कृपया १० जूनपर्यंत कळवावे."

एचआरला सीसीत ठेवा, पण मेल पाठवण्याआधी मॅनेजरशी समोरासमोर बोला. लेखी मंजुरी येईपर्यंत नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पक्की सांगू नका, नाहीतर मंजुरीशिवाय निघावं लागेल आणि रिलीव्हिंग लेटर अडकू शकतं.