शिक्क्याखाली गेलेली जन्मतारीख भाषांतरात कशी लिहायची?

प्रश्न: ग्वाल्हेरचा जुना हिंदी जन्मदाखला मराठीत करतोय. स्कॅनमध्ये जांभळा गोल शिक्का नेमका तारखेवर आहे. पहिला आकडा १ की २, कळत नाही. काय लिहू?

उत्तर: आधी रंगीत स्कॅन मागवा, ६०० डीपीआयवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत नको, त्यात अक्षरांच्या कडा विरघळतात. मग जिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये `Colors > Components > Extract Component` उघडून `RGB Blue` निवडा. निळी-जांभळी शाई तिथे फिकी पडते, काळा मजकूर गडद राहतो. लाल शिक्का असेल तर `RGB Red`. मात्र तारीखही निळ्या पेनाने लिहिलेली असेल, तर दोन्ही एकदमच पुसट होतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर तर हा उपाय चालतच नाही.

तरीही शंका उरली, तर दाखल्यातच दुसरीकडे पाहा. तारीख बहुधा अक्षरीही असते. तिथे ‘उन्नीस मार्च’ स्पष्ट असेल, तर १९ लिहा आणि चौकटी कंसात जोडा: [पहिला आकडा शिक्क्याखाली, अक्षरी तारखेवरून]. हिंदीतला उन्नीस म्हणजे १९, एवढं मात्र जपा, मराठी कानाला तो एकोणतीस वाटू शकतो.

अक्षरी तारीख नसेल तर [?]९ ठेवून [शिक्क्यामुळे अवाचनीय] लिहा. आधार कार्डावरून आकडा भरू नका. भाषांतर समोरच्या कागदाचं असतं. ग्राहकाला महापालिकेतून नवी प्रमाणित प्रत काढायला सांगा. शिक्क्यातला वाचता येणारा मजकूरही [गोल शिक्का: …] असा द्या. सहीचं नाव लागत नसेल तर नुसतं [सही].