'काही शिक्षक कवी आहेत' म्हणजे किती?

प्रश्न : सराव प्रश्नपत्रिकेत 'काही शिक्षक कवी आहेत' हे विधान होतं. मी 'काही शिक्षक कवी नाहीत' हा निष्कर्ष बरोबर धरला, पण उत्तरसूचीत तो चूक दिलाय. मराठीत 'काही' म्हणजे 'सगळे नाहीत' असंच ना? आणि वेन आकृतीत तर कवी नसलेले शिक्षक सरळ दिसतात!

उत्तरसूची बरोबर आहे. विधाने-निष्कर्षाच्या प्रश्नांत 'काही'चा अर्थ 'निदान एक' एवढाच. वरची मर्यादा त्यात नाही, म्हणजे सगळेच्या सगळे असले तरी विधान खरंच राहतं.

हा अर्थ परीक्षावाल्यांनी मराठीवर लादलेला नाही, हे आधी सांगायला हवं. 'काही मुलं आली' असं कोणी म्हटलं, की ऐकणारा मनात भर घालतो : सगळी आली असती तर याने 'सगळी' म्हटलं असतं. ही भर ऐकणाऱ्याची असते, वाक्याची नसते. ताडून पाहायचं असेल तर वाक्य पुढे वाढवून बघा. 'काही मुलं आलीत, कदाचित सगळीच आली असतील, मी अजून मोजली नाहीत' हे कोणालाही खटकत नाही. 'काही मुलं आलीत, पण एकही आलेलं नाही' हे मात्र जागीच मोडतं. जे मागे घेता येतं तो अंदाज, आणि जे घेता येत नाही तो अर्थ. 'निश्चितपणे काय निघतं' असं विचारलं की फक्त अर्थ धरायचा. 'सगळे नाहीत' हेही सांगायचं असेल तेव्हा मराठी 'फक्त काही' किंवा 'मोजकेच' म्हणते. बँकांच्या परीक्षांत अलीकडे 'फक्त काही' अशी विधानं येतात. तिथे मात्र तुमचा निष्कर्ष बरोबर ठरेल.

आता आकृती. एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळं काढली की डावीकडे शिक्षकांचा एक तुकडा कवींच्या बाहेर राहतो, आणि तिथे माणसं आहेत असं वाटतं. पण जॉन वेन यांनी 1880 मध्ये मांडलेल्या पद्धतीत वर्तुळं नेहमी छेदणारीच काढतात, विधान कोणतंही असो. त्या आधी ऑयलर यांच्या पद्धतीत वर्तुळांची मांडणीच विधान सांगत असे : 'सगळे' असेल तर वर्तुळात वर्तुळ, 'एकही नाही' असेल तर दोन वेगळी. वेन यांच्याकडे वर्तुळं काहीच सांगत नाहीत, ती फक्त कप्पे पाडतात. सांगतात त्या नंतर केलेल्या खुणा. कप्पा काळा केला तर तिथे नक्की कोणी नाही. फुली मारली तर तिथे नक्की कोणीतरी आहे. कोरा ठेवला तर माहीत नाही. कोरा कप्पा भरलेला नसतो आणि रिकामाही नसतो, ही गोष्ट पक्की झाली की निम्म्याहून जास्त चुका आपोआप थांबतात. तुमच्या विधानात फुली मधल्या, सामाईक कप्प्यात पडते आणि शिक्षकांचा डावा तुकडा कोरा राहतो. म्हणून 'काही शिक्षक कवी नाहीत' हे खरं असू शकेल, पण निघत नाही. ज्या शाळेत तीनच शिक्षक आहेत आणि तिघेही कविता करतात, ती शाळा डोळ्यांसमोर आणा. दिलेलं विधान खरं, तुमचा निष्कर्ष खोटा. असा एक दाखला सापडला की निष्कर्ष बाद.

दोन विधानांचं उदाहरण पूर्ण करून बघू. 'काही शिक्षक कवी आहेत. सगळे कवी वाचक आहेत.' तीन वर्तुळं काढली की आत सात कप्पे होतात. आधी 'सगळे'चं विधान घ्यायचं, मग ते दुसरं दिलेलं का असेना. कवींच्या वर्तुळाचा वाचकांबाहेरचा भाग काळा करा. त्यात दोन कप्पे येतात, शिक्षक असलेले आणि नसलेले. आता फुली. ती शिक्षक आणि कवी यांच्या सामाईक भागात हवी. त्या भागाचे दोन कप्पे आहेत, पण वाचकांबाहेरचा आधीच काळा झालाय. फुलीला एकच जागा उरते : तिन्ही वर्तुळांच्या मध्ये. म्हणजे 'काही शिक्षक वाचक आहेत' हे निश्चित निघतं. 'काही शिक्षक वाचक नाहीत'? त्यासाठी वाचकांबाहेरच्या शिक्षकांत फुली हवी. तिथला एक कप्पा काळा, दुसरा कोरा. निघत नाही.

आता एकच शब्द बदला : 'काही शिक्षक वाचक आहेत. सगळे कवी वाचक आहेत.' काळे कप्पे तेच. पण फुली आता शिक्षक-वाचकांच्या सामाईक भागात हवी, आणि त्या भागातले दोन्ही कप्पे मोकळे आहेत, कवींच्या आतला आणि बाहेरचा. कुठला हे ठरवणारं काहीच दिलेलं नाही, म्हणून फुली मधल्या रेषेवर मारायची. रेषेवरच्या फुलीवरून 'काही शिक्षक कवी आहेत' म्हणता येत नाही आणि 'काही शिक्षक कवी नाहीत' असंही म्हणता येत नाही. घाईत बहुतेक जण ती सोयीच्या बाजूला ढकलतात. मार्क जातात ते इथेच.

नकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे मराठी खरोखरच दगा देते. 'सगळे शिक्षक कवी नाहीत' याचे दोन अर्थ होतात. 'एकही शिक्षक कवी नाही' असा घेतला तर सामाईक कप्पा काळा होतो. 'सगळेच शिक्षक कवी नसतात' असा घेतला तर शिक्षकांच्या कवींबाहेरच्या तुकड्यात फुली पडते आणि सामाईक कप्पा कोरा राहतो. दोन आकृत्यांचा एकमेकींशी मेळ नाही. बोलताना आवाजाच्या चढउताराने भागतं, कागदावर नाही. म्हणून चांगला प्रश्नकर्ता 'एकही' किंवा 'कोणताही' वापरतो. यातच आणखी एक 'काही' लपलाय : 'सगळे शिक्षक काही कवी नसतात.' हा संख्येचा 'काही' नव्हे, तो नकाराला जोर देतो. त्याला फुली समजू नका.

शेवटी एक ठिकाण, जिथे वेन आकृती आणि परीक्षा यांची वाट वेगळी होते. 'सगळे कवी वाचक आहेत' यावरून 'काही कवी वाचक आहेत' निघतं का? आकृतीत फक्त काळा कप्पा आहे, फुली कुठेच नाही, म्हणजे निघत नाही. 'उशिरा येणाऱ्या सर्व उमेदवारांना प्रवेश नाकारला जाईल' ही सूचना कोणीच उशिरा आलं नाही तरी खरी असते, तसंच हे. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत मात्र ज्यांच्याबद्दल बोलतोय ते अस्तित्वात आहेत असं धरतात, आणि आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षा त्याच वाटेने जातात. तिथे हा निष्कर्ष बरोबर धरला जातो. परीक्षेपुरतं, काळे कप्पे करून झाले की ज्या वर्तुळात एकच कप्पा मोकळा उरलाय तिथे फुली मारा, आणि जास्त उरले असतील तर त्यांच्यामधल्या रेषेवर.