विक्रीला काढलेला बर्फ कारखाना: घसारा आधी, तुलना नंतर

रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कंपनीने १ ऑक्टोबरला बर्फ कारखाना विकायला काढला असं समजा. संचालकांचा ठराव झालाय, ग्राहक शोधणं सुरू आहे, वर्षभरात व्यवहार होईल असं दिसतंय. नुसता बंद पडलेला कारखाना विक्रीला काढलेल्या मालमत्तेच्या लेखा मानकात, म्हणजे इंड एएस १०५ मध्ये, बसत नाही.

एप्रिलची पुस्तकी किंमत ८४ लाख. आधी सप्टेंबरअखेरचा घसारा ४ लाख लावा, म्हणजे ८० लाख. नवशिके नेमकं हेच विसरतात आणि घसाऱ्याची रक्कमही तोट्यात मिसळते. आता रास्त मूल्य ७० लाख, दलाली व वकील २ लाख, निव्वळ ६८. पुस्तकी किंमत ८० आणि निव्वळ ६८ यांतली कमी रक्कम धरायची असते, म्हणून १२ लाख तोटा नफा-तोटा पत्रकात. विक्री खर्चात व्याज किंवा आयकर धरू नका.

त्यानंतर घसारा पूर्ण बंद. मार्चमध्ये निव्वळ मूल्य ८३ लाख झालं, तरी नफा १२ लाखांपुरताच दाखवता येतो. ८० च्या वर जायचं नाही.

आणि हा कारखाना फक्त स्वतःच्या मासळीसाठी बर्फ करत असेल, तर ती ‘खंडित व्यवसाय शाखा’ नव्हे. त्यासाठी वेगळा मोठा व्यवसाय किंवा प्रदेश लागतो.