आईला व्हॉट्सअ‍ॅपचा पिन कसा शिकवू?

प्रश्न: आई ७२ वर्षांची आहे, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप लावून दिलंय पण पिन आणि ओटीपीमध्ये तिचा सारखा गोंधळ होतो, काय करू?

उत्तर: गोंधळ होणारच, दोन्ही सहा आकडीच असतात ना. आधी त्यांच्याच हातात फोन देऊन Settings, Account, Two-step verification मध्ये जा आणि पिन त्यांनाच निवडू दे, पण जन्मतारीख नको. ईमेल तिथेच टाकून ठेव, नाहीतर पिन विसरला तर सात दिवस थांबावं लागू शकतं.

मग पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने दोनच ओळी लिही: "व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर पिन मागितला तर माझा पिन टाकायचा. मेसेजमध्ये कोड आला तर कोणालाच सांगायचा नाही, आधी मुलीला फोन." खरा पिन कार्डावर अजिबात नको, तो घरातल्या डायरीत वेगळा.

व्हॉट्सअ‍ॅप अधूनमधून स्वतःच पिन विचारतं, तीच प्रॅक्टिस समज, त्या वेळी शेजारी बस पण फोन ओढून घेऊ नकोस, चष्मा लावून सावकाश टाकू दे. आणि "मावशी, चुकून तुमच्याकडे कोड आलाय, सांगा ना" असा ओळखीच्या नंबरवरून मेसेज आला तरी कोड द्यायचा नाही, हे दोन-तीनदा खोटं खोटं विचारून बघ.