पायलट घड्याळाची साधी डायल

प्रश्न: पायलट घड्याळाचे मोठे आकडे रोजच्या वापरात खरंच सोयीचे पडतात का?

हो, पण निम्मं काम बाराजवळचा त्रिकोण करतो. बसमध्ये दांडा धरलेला हात तिरका असतो, तेव्हा दोन ठिपक्यांमधला तो त्रिकोण दिसला की डायलची वरची बाजू कळते आणि काट्यांच्या कोनावरूनच वेळ समजते.

दुसऱ्या महायुद्धातली मूळ जर्मन घड्याळं ५५ मिमीची, जाकिटाच्या बाहीवरून बांधायची. आपल्या मनगटाला ३९-४० पुरे. त्यांच्या बी प्रकारच्या डायलवर मोठे आकडे मिनिटांचे असतात आणि तास आतल्या छोट्या वर्तुळात. रोजच्यासाठी ए प्रकारच बरा, त्यात मोठे आकडे तासांचे.

घेताना घड्याळ सावलीत तिरकं धरा. चकचकीत काटे काळ्या डायलवर काळेच दिसून हरवले, तर मोठे आकडे असून काय उपयोग!