फुटेजमधला पांढरा शर्ट

प्रश्न: सीसीटीव्ही फुटेज पाहून कंपनीला रिपोर्ट द्यायचा आहे. 'चोरी करताना दिसला' असं लिहिलं तर चालतं का? नमुना मिळेल का?

नाही चालत. कॅमेऱ्यात माणूस वाकलेला दिसतो, उठलेला दिसतो. चोरी ठरवायची चौकशीत.

भिवंडीच्या एका गोदामात मी रात्रपाळीचा सिक्युरिटी सुपरवायझर होतो. मालातला एक खोका कमी भरला. मॅनेजरसाहेबांनी डॉकवरचं फुटेज लावलं आणि एका लोडरचं नाव घेऊन म्हणाले, "लिहा, यानं खोका शर्टाखाली घालून पळवला." कारण काय, तर फुटेजमधला शर्ट पांढरा आणि त्या रात्री पांढरा शर्ट त्या एकट्याच्याच अंगात.

मी लिहिलं ते असं: "कॅमेरा ४, डॉक. स्क्रीनवरची वेळ ०२:१३:४० (घड्याळ ६ मिनिटं पुढे). फिकट रंगाचा शर्ट दिसणारी एक व्यक्ती पॅलेटमागे वाकते. ९ सेकंद फक्त पाठ दिसते, हात दिसत नाहीत. उठल्यावर पोटाजवळ शर्ट फुगलेला दिसतो. चेहरा स्पष्ट नाही. आत काय आहे ते दिसत नाही."

साहेब भडकले. "असल्या रिपोर्टचं काय लोणचं घालायचं?" मग मी दुसऱ्या रात्री दिवे तसेच ठेवून गडद निळा टेरिकॉटचा शर्ट घातलेल्या गार्डला त्याच पॅलेटजवळ उभं केलं. स्क्रीनवर शर्ट जवळजवळ पांढरा! अंधारात कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर जातो आणि चित्र ब्लॅक अँड व्हाइट होतं. कित्येक गडद रंग तो उजेड शोषतच नाहीत, परत फेकतात, म्हणून काळं-निळं कापडही फिकट दिसतं. ब्लॅक अँड व्हाइट फुटेजवरून कपड्याचा रंग सांगणाऱ्यानं आधी ही परीक्षा घ्यावी. तो लोडर निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर बोट ठेवायला फुटेजमध्ये आधार नव्हता, आणि साहेबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

'घाबरून', 'मुद्दाम', 'लपवण्यासाठी' हे शब्द आले की समजा, लिहिणारा मनचं घालतोय. "दोनदा मागे वळून पाहिलं" एवढं पुरतं. आवाजाचं रेकॉर्डिंग नसेल तर "धमकी दिली" कुठून आणणार? बोट रोखलं, ओठ हलले, एवढंच लिहा. आणि व्यक्ती पॅलेटमागे दिसेनाशी झाली तर "तिथे थांबली" असंही नको. ती तिथे होती की मागच्या दारानं गेली, कुणी पाहिलंय?

हां, माणूस ओळखीचा असेल तर ओळख लिहू नये असं नाही. ती वेगळ्या परिच्छेदात, तुमच्या नावानं लिहा: रोज बघता म्हणून ओळखलंत, चालीवरून की चेहऱ्यावरून. फुटेजच्या वर्णनात मिसळू नका.

नमुना माझ्याकडे नाही. पण लिहायला बसण्याआधी क्लिप काढून ठेवा, मागेपुढे पंधरा-वीस मिनिटांसकट. डीव्हीआर भरला की जुनं पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड करतो.